उद्या जोडणे

वर्धमान मगदूम यांच्याबद्दल एक गोष्ट सगळ्या शाहूपुरीला ठाऊक होती, कारण ती त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितली होती. मंजुळा टॉकीजच्या केबिनमध्ये एकोणतीस वर्षं ऑपरेटरकी केली, पण पिक्चरच्या एका फ्रेमला विनाकारण कात्री लावली नाही. दुधाच्या डेअरीत रांगेत उभं राहून त्यांनी ही गोष्ट सांगितली होती, मंदिराच्या पायरीवर सांगितली होती, दातांच्या डॉक्टरला तोंडात नळी असताना सांगायचा प्रयत्न केला होता. लोकही बिचारे 'व्हय अण्णा' म्हणत. पिक्चर कापला काय आणि न कापला काय, कुणाचं काय जात होतं?

टॉकीज बंद पडून बारा वर्षं झाली होती. मालकांचा नातू ऋतुराज आता तिथं गाड्यांची शोरूम काढणार होता. पण पोरगं हौशी. पाडायच्या आधी एका रविवारी सकाळी जुन्या मशिनींवर एक शेवटचा शो लावू म्हणाला. गोडाऊनमध्ये एका पिक्चरची प्रिंट सापडली होती. सत्याऐंशी सालचा पिक्चर, कोल्हापुरातच काढलेला, चार दिवस चालला आणि उतरला. निर्माता असा बुडाला की प्रिंटच्या पेट्या न्यायलाही कुणी आलं नाही. नाव सांगून उपयोग नाही, कुणी ऐकलेलं नसणार.

"अण्णा, चालवायचा तुम्हीच," ऋतुराज म्हणाला.

अण्णा छाती काढून हो म्हणाले आणि घरी येईपर्यंत घामाघूम झाले. कारण दोन मशिनींवर शो चालवायचा म्हणजे रिळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात येणारा ठिपका दिसायला हवा, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वर्धमानअण्णांना पडदा दिसत होता एवढंच पुष्कळ होतं. हे कुणाला सांगणार? शेवटी नातीला सांगितलं. त्रिशला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला सुट्टी होती.

"म्हंजे तुम्हाला दिसत न्हाई म्हणून मी बघायचं," ती म्हणाली.

"दिसतंय गं. बारीक दिसत न्हाई."

"एकच की."

शिकवणी जेवणाच्या टेबलावर सुरू झाली. अण्णांनी जुन्या ट्रेलरचे तुकडे, ब्लेड, जॉइंट मारायची लोखंडी पट्टी आणि ऋतुराजनं मुंबईहून मागवलेली सिमेंटची बाटली मांडली. सिमेंट म्हणजे घर बांधायचं नव्हे. फिल्म वितळवून चिकटवणारा पाण्यासारखा पातळ पदार्थ, आणि वासानं डोकं गरगरेल असा.

"चार भोकं म्हंजे एक फ्रेम. सोळा फ्रेम म्हंजे एक फूट. सेकंदाला चोवीस फ्रेम जात्यात, म्हंजे मिनिटाला नव्वद फूट. हे पाठ कर. आता जोड कुठं द्यायचा? दोन फ्रेमच्या मधल्या रेघेवर. भोकं चुकली की पडद्यावर हिरोचं डोकं खाली आणि पाय वर. मग खाली खुर्च्या वाजत्यात आणि माझ्या आईची आठवण काढत्यात."

त्रिशलानं फिल्म हातात घेतली. "एक बाजू चकचकीत आहे, एक मळकट."

"मळकट बाजूला चित्र असतंय. चित्राचा थर. जोडताना एका तुकड्याचा तो थर पार खरवडून काढायचा, एवढीच पट्टी, दीड-दोन मिलिमीटर. खाली स्वच्छ काचेगत फिल्म लागली पाहिजे. त्या खरवडलेल्यावर सिमेंट लावायचं आणि दुसऱ्या तुकड्याची चकचकीत बाजू त्याच्यावर दाबायची. थर राहिला तर सिमेंट थराला चिकटतंय, फिल्मला न्हाई, आणि जोड मशिनमध्ये सुटतोय. लई खरवडलं तर फिल्मच पातळ होती आणि तिथंच तुटती. कळलं? दाबून पंधरा आकडे मोजायचे."

"खरवडायला ओलं करावं लागतं का?"

"व्हय." अण्णांनी जीभ बाहेर काढून फिल्मच्या टोकाला लावली आणि सराईतपणे ब्लेड फिरवलं. "आन मळकट बाजू अंधारात कशी वळखायची? व्हटाला लावायची. जी चिकटती ती."

त्रिशला मोबाईल बघत होती. बघता बघता तिचा चेहरा फिरला. "आज्जा, हा थर कशाचा असतो ठाऊक आहे?"

"औषधाचा. चांदीचा."

"जिलेटिनमध्ये बसवलेला. आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून करतात."

वर्धमान मगदूम यांनी आयुष्यात कांदा-लसूण खाल्ला नव्हता. दिवस मावळायच्या आत जेवत होते. पावसाळ्याचे चार महिने पालेभाजीला शिवत नव्हते. आणि एकोणतीस वर्षं दिवसाला वीसदा हाडं चाटत होते. त्यांची जीभ जरा बाहेरच राहिली.

"तुझ्या आईला सांगू नकोस," ते म्हणाले. मग पाण्याची वाटी ओढून घेतली. "पाण्यानं बी होतंय."

चार दिवसांत त्रिशलाचा जोड अण्णांच्या जोडापेक्षा चांगला यायला लागला. अण्णांनी ते कबूल केलं नाही. 'सिमेंट नवीन हाय म्हणून' म्हणाले.

मग दोघं टॉकीजच्या केबिनमध्ये गेले. सगळ्या प्रिंटला आंबूस वास सुटला होता, व्हिनेगरसारखा, आणि रंग उडून सगळं गुलाबी झालं होतं. हिरो गुलाबी, बैल गुलाबी, ऊस पण गुलाबी. सदतीस वर्षांचे जोड वाळून उकलायला लागले होते, त्यामुळे आठही रिळं एक-एक करून हातानं फिरवून तपासायची होती. त्रिशला सुती मोजे घालून फिल्मची कड दोन बोटांत धरून चाकावरून सोडायची. भोक फाटलेलं असलं की बोटाला कळायचं. जुना जोड आला की थांबायचं, कापायचा, नवीन मारायचा.

चौथ्या रिळाच्या मध्यावर ती थांबली. "आज्जा, हा जोड तुमचा आहे ना?"

"तुला कसं कळलं?"

"खरवडलेली पट्टी तिरकी आहे. तुमच्या सगळ्या अशाच आहेत, टेबलावरच्या सुद्धा."

अण्णांनी चष्मा पुसला. जोडाच्या आधीच्या फ्रेमांत एक म्हातारी दारात डोळ्याला पदर लावून उभी होती. जोडाच्या पुढं तीच म्हातारी खो-खो हसत होती.

"रडताना एकदम हसायला का लागली?"

"डायरेक्टरला ठाऊक," अण्णा म्हणाले, आणि उगाचच कार्बनच्या पेटीत बघायला लागले. दिवा लावायच्या कार्बनच्या कांड्या अजून शिल्लक होत्या. दोन कांड्यांची टोकं एकमेकांना टेकवून झटक्यात मागं घेतली की मधल्या फटीत ठिणगीचा उजेड धरतो, आणि कांड्या जळत जातात तशी फट हातानं सांभाळावी लागते. हे त्यांनी नातीला दुसऱ्यांदा समजावून सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

ट्रायलला त्यांनी तेच रिळ मशिनवर चढवलं. फिल्म उलटी, म्हणजे डोकं खाली, मळकट बाजू दिव्याकडं. गेटच्या वर एक सैल वळसा, खाली एक सैल वळसा. गेटमध्ये फिल्म सेकंदाला चोवीसदा थांबते आणि सुटते, बाकी ठिकाणी एकसारखी पळते, म्हणून वळसा नसला तर तटकन तुटणार. मग खाली साउंडच्या चाकावरून फिल्म घ्यायची.

म्हातारी रडली. म्हातारी हसली. आणि हसायला लागल्या लागल्या सायकलची घंटी वाजली. ट्रिंग. पडद्यावर सायकल नव्हती.

त्रिशलानं मशिन बंद केलं. अण्णांनी घाबरून आधी दिव्याची झडप पाडली, नाहीतर थांबलेली फ्रेम तिथंच जळून फुगली असती.

"आज्जा, आवाजाचं चाक गेटच्या खाली आहे. तुम्हीच सांगितलं. वीस फ्रेमचं अंतर."

"व्हय."

"म्हणजे ज्या चित्राचा आवाज आहे तो त्या चित्राच्या शेजारी नसतो, वीस फ्रेम आधीच छापलेला असतो. मग मधला तुकडा कापला तर त्याच्या सुरुवातीचा वीस फ्रेमचा आवाज आधीच्या फिल्मवर मागं राहणार. पाऊण सेकंद. ही घंटी त्या कापलेल्या तुकड्याची आहे." ती त्यांच्याकडं बघत राहिली. "डायरेक्टरनं कापलं असतं तर आवाज मागं राहिला नसता. हे प्रिंट आल्यावर केबिनमध्ये कापलंय."

पोरीला शिकवायला नको होतं, असं अण्णांच्या मनात आलं. आपण शिकवलं आणि पहिला चोर म्हणून आपणच धरले गेलो. ते स्टुलावर बसले.

"मी कापला. तीन मिनिटं."

मग सगळं सांगावं लागलं. संध्याकाळचा शो नऊ वाजून सात मिनिटांनी सुटायचा आणि बिद्री-मुरगूडकडची शेवटची एसटी नऊ-दहाला. तीन मिनिटांत स्टँड गाठता येत नाही. मग खेड्यातली माणसं शेवटच्या रिळाला उठून पळायची, किंवा बसायची आणि गाडी चुकली की टॉकीजला शिव्या घालायची. पहिल्या दिवशी दुपारचे दोन शो झाल्यावर अण्णांनी हिशेब केला. जाहिराती कापता येत नव्हत्या, त्याचे पैसे मालक घेत होते. मध्यंतर कापलं तर कँटीनवाला ओरडणार. गाणं कापलं तर पब्लिक खुर्च्या फाडणार. मारामारीचं तर नावच नको. राहिलं काय? पोस्टमनचा एक सीन. पोस्टमन येतो, पत्र वाचतो, जातो. कथेला काय फरक पडतोय?

"तेवढ्यानं माझा शो नऊ-चारला सुटला. कंडक्टर म्हणायला लागले, मंजुळाचा मगदूम म्हंजे घड्याळ." अण्णांनी कपाळाला हात लावला. "मला लई बरं वाटलं गं. त्याच्या आधी मला कुणी घड्याळ म्हटलं न्हवतं."

"आणि पिक्चर चार दिवसांत पडला."

"पेपरात आलतं, म्हातारीचं हसणं कळत न्हाई म्हणून. मी म्हटलं, डायरेक्टरला अक्कल न्हाई."

तुकडा त्यांनी फेकला नव्हता. तो घरी माळ्यावर बिस्किटांच्या गोल डब्यात होता, दोनशेसत्तर फूट, गुंडाळी करून. वरच्या पांढऱ्या टोकावर शाईपेननं त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'रिळ ४. उद्या जोडणे.'

त्रिशला ते वाचून हसायला लागली ती थांबेचना. अण्णाही हसले. हसण्यावारी नेलं की सुटका होते, हा त्यांचा जुना अनुभव होता.

या वेळी सुटका झाली नाही. दुसऱ्या दिवशी ऋतुराज आला. पिक्चरच्या सुरुवातीच्या पाट्यांवरून त्यानं नावं काढली होती. बहुतेक माणसं गेली होती, एकच सापडला. पोस्टमनचं काम करणारा पिराजी तोडकर. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करून रिटायर झालेला, बिद्रीत राहतो.

"बोलावलं तर म्हणतो, मी त्या पिक्चरमध्ये न्हाईच. माझं काम काढून टाकलंय. नाव तेवढं राहिलंय," ऋतुराज म्हणाला. "जरा रागातच फोन ठेवला."

अण्णांनी त्रिशलाकडं बघितलं नाही. सदतीस वर्षं त्यांनी त्या सीनला तीन मिनिटं म्हटलं होतं. त्यात माणूस होता हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मला द्या नंबर," ते म्हणाले. फोन लावला आणि धीर गळाला. खरं सांगायचं होतं, तोंडातून निघालं एवढंच: "पिराजीराव, रविवारी या. तुमचा सीन सापडलाय." पलीकडनं 'बघतो' आलं आणि फोन बंद झाला.

तुकडा डब्यात उष्णतेनं आकसला होता, प्रिंटपेक्षा केसभर जास्त. त्रिशलानं भोकं जुळवून बघितली, पट्टीच्या खुंट्यांवर बसत होती. जुना जोड कापला, दोन्ही टोकं सरळ केली. एकीकडं खरवडलं, दुसरीकडं चकचकीत बाजू पुसली, सिमेंट, दाब, पंधरा. मग दुसरा जोड. शेवटी अण्णांनी काळी शाई आणि बारीक ब्रश दिला आणि आवाजाच्या पट्टीवर जोडाच्या जागी तिकोनी ठिपका काढायला लावला, नाहीतर जोड साउंडवरून जाताना 'फट्' असा आवाज होतो. हात तिचा चालला, बोलणं अण्णांचं.

रविवारी पिराजी तोडकर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवी, त्यात अण्णांसाठी बिद्रीचा गूळ. हॉलमध्ये बसायला तयार होईनात. "केबिनमधनं बघतो. सीन न्हाई आला तर परत तोंड दाखवायला नको." जिना चढून आले आणि मशिनींकडं बघत उभे राहिले.

पहिली तीन रिळं निघाली. त्रिशला खिडकीला डोळा लावून बसली होती. कोपऱ्यात पहिला ठिपका आला की तिनं 'मोटार!' ओरडायचं आणि अण्णांनी दुसरी मशिन चालू करायची, सात सेकंदांनी दुसरा ठिपका आला की एका मशिनची झडप पाडून दुसरीची उघडायची, आवाजही तिकडं. तीनही बदल कुणाला कळले नाहीत. अण्णा कार्बनची फट सांभाळत होते.

चौथं रिळ सुरू झालं. आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, हे त्यांना स्वच्छ कळलं.

"पिराजीराव, डायरेक्टरनं न्हाई कापला. मी कापला हुता. एसटीसाठी. दुसऱ्या दिवशी जोडणार हुतो." ते एका दमात बोलले. "जोडला न्हाई."

मशिनचा खडखडाट चालू होता. पिराजी ओरडतील, गूळ उचलून जातील, एखादी लगावतीलसुद्धा, असं अण्णांना वाटलं, आणि लगावली असती तर बरंच वाटलं असतं.

"मी पहिल्याच दिवशी संध्याकाळच्या शोला हुतो," पिराजी म्हणाले. "घरची सगळी आणली हुती. आई, बायको, दोन मेव्हणे. घंटी वाजली. मी आईला म्हटलं, बघ, आता मी येतोय." ते मशिनकडं बघत होते. "आलोच न्हाई की ओ."

"डायरेक्टरला विचारायचं की," अण्णा म्हणाले.

"काय विचारायचं? वाईट झालं असंल, काढलं. तोंडावर सांगायला नको म्हणून सांगितलं नसंल. माझं मीच समजून घेतलं. गावात नाटकं करत हुतो, ती बी सोडली. म्हटलं, आपल्याला येत न्हाई तर कशाला लोकांचा वेळ खायचा." मग त्यांनी मान हलवली. "बसून वजनं करत ऱ्हायलो."

अण्णांच्या डोळ्यात पाणी आलं आणि आधीच कमी दिसत होतं ते पार दिसेना झालं.

"आज्जा, कार्बन!" त्रिशला ओरडली. उजेड पिवळा पडायला लागला होता. त्यांनी चाचपडत मूठ फिरवली, फट जवळ आली, पडदा पुन्हा उजळला.

म्हातारी दारात रडत होती. घंटी वाजली. सायकलवरून एक गुलाबी पोरगा उतरला, सव्वीस-सत्तावीसचा, खाकी टोपी तिरकी. पिराजी खिडकीला चिकटले. पोस्टमननं पत्र फोडलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं. त्यानं मनात वाचलं, तिचा पोरगा तुरुंगात गेल्याचं. एकदाच त्याच्या घशातलं हाड वर झालं आणि खाली आलं. मग कोऱ्या तोंडानं तो मोठ्यानं वाचायला लागला: पोरगा मजेत आहे, बायको बघितलीय, जरा काळी आहे पण भाकरी तुझ्यासारखी करते, फक्त तिला तुझ्याएवढं भांडता येत नाही, ते तू शिकवशील. म्हातारी हसायला लागली. हॉलमध्ये दीडशे माणसं हसत होती, आणि मग एकेक करून गप्प झाली, कारण हसवता हसवता त्या पोराचे डोळे भरले होते आणि त्यानं ते टोपीआड नेले होते. पोस्टमन सायकलवर बसला आणि गेला. खाली टाळ्या पडल्या.

वर्धमान मगदूम यांनी हा सीन सत्याऐंशी साली दोनदा दाखवला होता आणि एकदाही बघितला नव्हता. फूट मोजले होते.

पिराजी खिडकीपासून हलले नाहीत. रिळ संपत आलं तेव्हा वळले. चेहऱ्यावर राग नव्हता.

"चांगला हुतो की ओ मी," ते म्हणाले.

"व्हय," अण्णा म्हणाले. "लई चांगला हुता."

"मला वाटलं हुतं, वाईट असणार." त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "आई शेवटपर्यंत म्हणायची, तू चांगलाच असशील. मी तिला गप बस म्हणायचो. असं बोलायला नको हुतं मी तिला."

त्रिशलानं 'मोटार' म्हटलं. ते अण्णांना ऐकू आलं नाही. तिनं स्वतःच जाऊन दुसरी मशिन चालू केली, सात आकडे मोजले आणि झडप बदलली.